हाड सांगते ते किमान वय

जुलै २०२४ मधल्या एका पहाटे वरळीत एका महागड्या गाडीने स्कूटरवरच्या दाम्पत्याला धडक दिली आणि त्यात महिलेचा जीव गेला. गाडी चालवणारा तरुण त्या रात्री आधी जुहूतल्या एका बारमध्ये दारू प्यायला होता. महाराष्ट्रात कडक दारू विकत घ्यायला आणि प्यायला पंचवीस वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. हा तरुण पंचविशीच्या आतला होता. राज्य उत्पादन शुल्क विभागाने बारला टाळे ठोकले. त्याने दाखवलेल्या ओळखपत्रावर वय सत्तावीस होते, असे बारकडून सांगण्यात आल्याचे तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आले. त्याचे खरे वय कधीच वादात नव्हते. जन्माची नोंद होती, शाळा होती, कुटुंब होते. कागद उघडला की उत्तर मिळत होते.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, १२ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री, वांद्रे पूर्वेत माजी मंत्री बाबा सिद्दीकी यांची गोळ्या घालून हत्या झाली. दुसऱ्या दिवशी न्यायालयात उभा केलेला एक संशयित म्हणाला, मी सतरा वर्षांचा आहे. पोलिसांना ते मान्य नव्हते. न्यायालयाने हाडांची चाचणी करायला सांगितली. आरोपी अल्पवयीन नाही, असा चाचणीचा निष्कर्ष आला आणि पुढची कोठडी त्या आधारावर झाली. मुंबईला हे नवीन नव्हते. २६/११ च्या खटल्यात अजमल कसाबच्या वकिलांनी एप्रिल २००९ मध्ये त्याच्या अल्पवयीनतेचा मुद्दा मांडला, तेव्हा न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांनी हाडांची आणि दातांची तपासणी करवून घेतली होती. डॉक्टरांचा निष्कर्ष होता, वय विसाच्या वर.

दोन्ही वेळा न्यायालयाला हवे असलेले उत्तर मिळाले. मात्र या बातम्या वाचणाऱ्या बहुतेकांची समजूत अशी होते की क्ष-किरणाच्या चित्रात कुठेतरी वयाचा आकडा लिहिलेला असतो आणि डॉक्टर तो वाचून सांगतात. न्यायालयात पोहोचणाऱ्या अहवालांची भाषाही ही समजूत पोसते. ‘वय अंदाजे १८ ते २० वर्षे’ अशी एक ओळ आणि खाली सही. ही ओळ कोणत्या हाडावरून आली, त्या हाडाला इतके सांगता येते का, हे त्यात नसते. अठरा ते पंचवीस या टप्प्यात बोलू शकणारे शरीरातले जवळपास एकच हाड आहे, आणि त्याला बोलायची पद्धतही एकच येते. ते ‘किमान इतके’ म्हणते. ‘जास्तीत जास्त इतके’ म्हणणे त्याला जमत नाही. मुंबईतल्या वयनिश्चितीचे बरेचसे दोष हा फरक न पाळल्यामुळे होतात, असे या लेखाचे म्हणणे आहे.

ते हाड म्हणजे कॉलरबोन, गळ्याखालचे आडवे हाड. गर्भात अगदी पहिल्यांदा, पाचव्या-सहाव्या आठवड्यात, ज्या हाडात कठीणपणा यायला लागतो ते हेच. आणि पूर्ण व्हायला सगळ्यात उशीर लावणारेही हेच. लांब हाडांच्या टोकांशी वाढत्या वयात कूर्चेची एक पातळ चकती असते. तिच्यापलीकडे हाडाचा एक छोटा स्वतंत्र तुकडा तयार होतो आणि वाढ संपली की तो मूळ हाडाला सांधला जातो. कोपरात हे वयाच्या सोळा-सतराच्या आसपास उरकते, मनगटात अठरा-एकोणिसापर्यंत. कॉलरबोनच्या आतल्या टोकाशी, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाला ते जिथे टेकते तिथे, हा तुकडा तयारच मुळी पौगंडात होतो आणि तोही एखाद्या पातळ खपलीएवढा. त्याचे सांधणे विशीत चालू राहते.

मनगटाचा क्ष-किरण लहान मुलांसाठी उत्तम आहे. सोळा वर्षांखालच्या क्रिकेट स्पर्धांमध्ये वय चोरणाऱ्यांना पकडायला भारतीय क्रिकेट मंडळ तोच वापरते. पण कायद्याचा प्रश्न ‘अठरा पूर्ण आहेत का’ असा असेल आणि मनगट पूर्ण जुळलेले दिसले, तर त्यातून काहीच ठरत नाही. सतरा वर्षांच्या कित्येक मुलांचे मनगट जुळलेले असते, मुलींचे तर आणखी लवकर. पूर्ण झालेले मनगट एवढेच सांगते की आता वरच्या हाडाकडे पाहा.

भारतात या हाडाकडे पाहिलेच गेले नाही असे नाही. १९३७ साली गाल्स्टन यांनी भारतीयांच्या हाडांवर केलेला अभ्यास आजही न्यायवैद्यक पाठ्यपुस्तकांच्या तक्त्यांत आहे. त्यात कॉलरबोनच्या आतल्या टोकाचे सांधणे मुलींत विसाव्या आणि मुलांत बाविसाव्या वर्षी पूर्ण होते, असे दिलेले आहे. १९७६ मध्ये जीत आणि कुलकर्णी यांनी याच टोकावर स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. अडचण माहितीच्या अभावाची नव्हती. साध्या क्ष-किरणात हे टोक नीट दिसतच नाही, ही अडचण होती. छातीच्या चित्रात त्याच्यावर बरगड्या, पाठीचे मणके आणि छातीचे मधले हाड यांच्या सावल्या पडतात. २००४ मध्ये जर्मनीत आंद्रेआस श्मेलिंग आणि सहकाऱ्यांनी सोळा ते तीस वयाच्या लोकांची छातीची ८७३ क्ष-किरण चित्रे तपासली. त्यांतल्या ६९९ मध्येच निदान एका बाजूचे टोक विश्वासाने वाचता आले. म्हणजे दर पाच चित्रांतले एक जवळजवळ वाया. वयनिश्चितीसाठी नेहमी खांदा, कोपर, मनगट आणि कमरेची चित्रे काढली जातात. खांद्याच्या चित्रात कॉलरबोनचे बाहेरचे टोक येते, हवे असलेले आतले टोक अनेकदा चौकटीबाहेरच राहते.

श्मेलिंग यांच्या गटाने या सांधण्याचे पाच टप्पे ठरवले आणि जगभर आता तेच वापरतात. पहिल्या टप्प्यात टोकाशी वेगळा तुकडा अजून तयारच नसतो. दुसऱ्यात तो दिसतो, पण मूळ हाडापासून सुटा. तिसऱ्यात सांधणे चालू असते, अर्धवट. चौथ्यात सांधणे पूर्ण, पण जिथे चकती होती तिथे वणाची बारीक रेष शिल्लक. पाचव्यात वणही मिटलेला. या पाचांपैकी तिसरा टप्पा फार लांबचा. १९९८ मध्ये क्राइटनर यांच्या गटाने तीस वर्षांखालच्या ३८० जणांचे सीटी स्कॅन पाहिले तेव्हा अर्धवट सांधणे सोळाव्या वर्षापासून सव्विसाव्यापर्यंत आढळले. दहा वर्षांचा पसारा. सोळा वर्षांचा मुलगा आणि सव्वीस वर्षांचा माणूस एकाच रकान्यात बसत असतील तर तो रकाना न्यायालयाच्या काय कामाचा? म्हणून २०१० मध्ये केलिंगहाउस यांच्या गटाने पातळ स्लाइसच्या सीटीवर दुसरा आणि तिसरा टप्पा आणखी तीन-तीन भागांत वाटला. तिसऱ्यात सांधलेला भाग एक तृतीयांशापर्यंत असेल तर ३ए, दोन तृतीयांशापर्यंत ३बी, त्याहून जास्त असेल तर ३सी.

या वाटणीने काम सोपे झाले. ३सी टप्पा एकोणीस वर्षांच्या आतल्या कोणातही आढळला नाही, ना मुलांत, ना मुलींत. पूर्ण सांधणे आणि शिल्लक वण, म्हणजे चौथा टप्पा, एकविसाच्या आत आढळला नाही. वण पूर्ण मिटलेला पाचवा टप्पा २००४ च्या क्ष-किरण अभ्यासात सव्विसाव्या वर्षाआधी दिसला नव्हता. आपल्याकडचे कायदे अठरा, एकवीस आणि पंचवीस या वयांपाशी रेघ मारतात आणि कॉलरबोनचे तीन टप्पे त्या रेघांवर किंवा त्यांच्या किंचित पलीकडे येतात. हा योगायोग आहे, पण फार उपयोगाचा.

आता यातली मेख. ३सी टप्पा दिसला की माणूस ‘एकोणीस वर्षांचा आहे’ असे नव्हे. तो एकोणीस, बावीस, चोवीस यांतला काहीही असू शकेल. एकोणीसच्या आतला असण्याची शक्यता मात्र अगदी कमी. यालाच किमान वयाचे तत्त्व म्हणतात. २००० साली बर्लिनमध्ये स्थापन झालेल्या न्यायवैद्यक वयनिदानाच्या जर्मन कार्यगटाने फौजदारी प्रकरणांसाठी हेच तत्त्व उचलून धरले. तो टप्पा गाठणाऱ्या सगळ्यांत लहान माणसाचे वय आरोपीला द्यायचे. तो प्रत्यक्षात मोठा असला तरी चालेल. संशयाचा फायदा हाडातूनच मोजून दिला जातो.

याच्या उलट आपल्याकडे सरासरी आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन वर्षे, हा हिशेब रुळला आहे. त्याचा उगम १९८२ मधल्या जया माला प्रकरणात आहे. क्ष-किरणावरून काढलेल्या वयात दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक असू शकते, याची सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा दखल घेतली. त्या काळी हातात होते ते तंत्र पाहता ही सावधगिरी अगदी योग्य होती. पण मनगट-कोपराच्या चित्रांसाठी आलेले ते दोन वर्षांचे माप पुढे प्रत्येक हाडाला, प्रत्येक तंत्राला लागू होणारा नियमच होऊन बसले. कॉलरबोनला ते लागू पडत नाही. तिसरा टप्पा सोळा ते सव्वीस असा पसरलेला असताना ‘एकवीस, दोन वर्षे इकडे-तिकडे’ म्हणणे म्हणजे सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला प्रौढ ठरवण्याचा धोका पत्करणे. आणि चौथा टप्पा स्पष्ट दिसत असताना आणखी दोन वर्षे वजा करणे म्हणजे ज्या सावधगिरीचा हिशेब किमान वयात आधीच झालेला आहे, ती दुसऱ्यांदा मोजणे.

सरासरीचा दुसरा दोष अधिक खोल आहे आणि तो सहज लक्षात येत नाही. चौथ्या टप्प्यात माणूस कित्येक वर्षे राहतो, कारण वणाची रेष हळूहळूच मिटते. अभ्यासात तीस वर्षांपर्यंतचेच लोक घेतले, तर चौथ्या टप्प्याची सरासरी समजा सव्वीसच्या आसपास येईल. तोच अभ्यास चाळीस वर्षांपर्यंतचे लोक घेऊन केला, तर सरासरी आपोआप वर सरकेल. हाडे तीच, शरीर तेच, बदलले ते फक्त अभ्यासकाने कुठपर्यंत माणसे गोळा केली ते. अशी सरासरी अहवालात ‘वय’ म्हणून लिहिली तर तो आकडा आरोपीच्या शरीराविषयी कमी आणि परदेशातल्या एखाद्या रुग्णालयाच्या रुग्णयादीविषयी जास्त सांगतो. किमान वयाला या सरकण्याचा त्रास होत नाही, कारण वरच्या टोकाला आणखी माणसे आली तरी खालचे टोक हलत नाही. त्याचा त्रास वेगळा आहे. पाहणी मोठी झाली की एखादा फार लवकर वाढलेला मुलगा सापडू शकतो आणि किमान वय थोडे खाली येऊ शकते. म्हणून छोट्या अभ्यासातले किमान वय दगडावरची रेघ समजू नये.

हे प्रत्यक्ष कसे चालावे, ते एका कल्पित प्रकरणातून पाहू. समजा, जुहूच्या चौपाटीवर राहणारा एक तरुण खुनाच्या गुन्ह्यात पकडला गेला. जन्माची नोंद नाही, शाळा कधी पाहिलेली नाही. आई म्हणते सतरा, पोलीस म्हणतात वीस.

बालन्याय कायदा, २०१५ मधले कलम ९४ इथे क्रम घालून देते. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. यांतले काहीच नसेल तेव्हाच हाडांची किंवा दुसरी आधुनिक वैद्यकीय चाचणी, आणि तीही आदेशापासून पंधरा दिवसांत. आधार कार्ड या यादीत नाही. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पष्टही केले. म्हणजे हाडाची पाळी शेवटी येते, आणि ते बरोबरच आहे. जिथे कागद खरा आहे तिथे हाडाने त्याला खोटे पाडायला जाऊ नये.

तरुणाला जुहूतल्या कूपर रुग्णालयासारख्या मोठ्या महापालिका रुग्णालयात आणले, असे धरू. पहिली गोष्ट यंत्राची नाही, माणसाची. उंची, वजन, पौगंडाची शारीरिक चिन्हे, जुने आजार, औषधे. इथे एक विशिष्ट शोध असतो. वाढ लवकर घडवणारा एखादा आजार आहे का? थायरॉइडचा अतिरेक किंवा अकाली पौगंड असेल तर हाडे वयाच्या पुढे धावू शकतात. हीच चूक धोकादायक, कारण तिच्यामुळे मूल प्रौढ ठरेल. उलट दिशेची चूक, म्हणजे कुपोषणाने किंवा दारिद्र्याने हाडे मागे राहणे, किमान वय मोडत नाही. तिच्यामुळे माणूस खऱ्यापेक्षा लहान दिसतो, मोठा नाही. फुटपाथवर वाढलेल्या मुलांच्या बाबतीत ही गोष्ट महत्त्वाची. परदेशी अभ्यासांचे किमान वय इथे वापरले तर गरिबीमुळे होणारा फरक आरोपीच्या बाजूनेच झुकतो.

मग दातांचे पूर्ण चित्र, अक्कलदाढेच्या मुळांसाठी. मग डाव्या हाताचा क्ष-किरण. मनगट अजून उघडे असेल तर थांबायचे. कॉलरबोनपर्यंत जायची गरजच नाही. मनगट पूर्ण असेल तरच दोन्ही कॉलरबोनच्या आतल्या टोकांचा सीटी. सगळ्या छातीचा नव्हे, तेवढ्याच पट्ट्याचा.

या पायरीवर एक तांत्रिक तपशील सगळा निकाल फिरवू शकतो. स्लाइसची जाडी. सीटी यंत्र शरीराचे काप काढते आणि प्रत्येक कापाच्या जाडीत जे काही येईल त्याची सरासरी चित्रात दाखवते. काप पाच-सात मिलिमीटरचा असेल तर त्यात थोडे सांधलेले आणि थोडे न सांधलेले हाड मिसळते आणि अर्धवट सांधणे पूर्ण झाल्यासारखे दिसू शकते. २००६ मध्ये म्यूलर आणि सहकाऱ्यांनी एकाच टोकाचे एक, तीन, पाच आणि सात मिलिमीटरचे काप करून पाहिले. जाडी बदलली की काही टोकांचा टप्पाही बदलला. म्हणून काप एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ, ही अट आहे. अपघातात आधीच काढलेला छातीचा सीटी पुढ्यात असेल आणि तो जाड कापांचा असेल, तर त्यावर टप्पा ठरवू नये. ‘या चित्रावर ठरवता येत नाही’ असे लिहिणे हाच तिथे प्रामाणिक अहवाल.

दुसरा सापळा आकाराचा. काहींच्या कॉलरबोनचे आतले टोक जन्मतःच खोलगट, माशाच्या उघड्या तोंडासारखे असते किंवा त्यात खाच असते. अशा टोकावर टप्पे लावायचेच नाहीत. तिसरा सापळा पहिल्या आणि पाचव्या टप्प्यातला. तुकडा अजून तयार झालेला नाही आणि तुकडा सांधला जाऊन वणही मिटला, या दोन्ही स्थितींत वेगळा तुकडा दिसत नाही. टोकाच्या कडांची गोलाई, बाकीची हाडे आणि माणूस समोर असताना अनुभवी डोळा फसत नाही. पण चित्र एकटेच, घाईत पाहणारा फसू शकतो. आणि तेव्हा चूक एका वर्षाची होत नाही, दहा वर्षांची होते.

समजा, आपल्या तरुणाच्या डाव्या बाजूला ३बी आणि उजव्या बाजूला ३सी निघाले. दोन बाजूंत असा फरक दिसू शकतो. संदर्भ म्हणून घेतलेल्या अभ्यासाने पुढारलेली बाजू धरली असेल तर इथेही तीच धरायची. एका अभ्यासाचे नियम आणि दुसऱ्याचे आकडे अशी सरमिसळ चालत नाही. दोन डॉक्टरांनी एकमेकांचे मत न पाहता टप्पा ठरवला आणि दोघेही ३सी म्हणाले. म्हणजे आज तरुणाचे किमान वय एकोणीस.

इथे अहवाल संपत नाही. गुन्ह्याच्या दिवशीचे वय पाहायचे, चाचणीच्या दिवशीचे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ मधल्या प्रताप सिंग निकालापासून ठरलेले आहे. गुन्हा पाच महिन्यांपूर्वीचा असेल तर त्या दिवशी तो किमान अठरा वर्षे सात महिन्यांचा होता. प्रौढ. पण तो फरार असेल आणि गुन्हा चौदा महिन्यांपूर्वीचा असेल, तर तेच हाड, तोच ३सी टप्पा, आणि गुन्ह्याच्या दिवशीचे किमान वय सतरा वर्षे दहा महिने. आता प्रौढत्व सिद्ध होत नाही. दोन महिन्यांची उणीव एका माणसाला फौजदारी न्यायालयातून बालन्याय मंडळाकडे नेते. ‘वय अंदाजे १९ ते २१’ अशी एक ओळ लिहिणाऱ्या अहवालातून हा फरक न्यायाधीशांना कधीच कळणार नाही. कसाबच्या प्रकरणात गुन्हा नोव्हेंबर २००८ चा आणि तपासणी सुमारे पाच महिन्यांनंतरची. वय विसाच्या वर निघाल्यावर ही वजाबाकी करूनही अठरापासून बरेच अंतर राहत होते. प्रत्येक प्रकरणात इतकी मोकळी जागा नसते.

आणखी एक जागा अशी आहे की जिथे हाच पुरावा उलट दिशेने ओढला जातो. आरोपी मूल आहे का, हा एक प्रश्न. पीडित मूल आहे का, हा दुसरा. धाडीत सोडवलेली मुलगी किंवा लैंगिक अत्याचाराची तक्रार करणारी मुलगी अठराच्या आतली आहे का, यावर २०१२ चा पॉक्सो कायदा लागू होणार की नाही, हे ठरते. तिच्या कॉलरबोनने ३सी किंवा चौथा टप्पा दाखवला तर ती प्रौढ आहे, हे कळते. पण ३ए किंवा दुसरा टप्पा निघाला तर? त्यातून ती अठराच्या आतली आहे, हे सिद्ध होत नाही. असे टप्पे विशीतल्या स्त्रियांतही सापडतात. आरोपी प्रौढ आहे, हे हाड सिद्ध करू शकते. पीडित मूल आहे, हे ते सिद्ध करू शकत नाही. जुलै २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पॉक्सो प्रकरणांत हाडांच्या चाचणीच्या वयोमर्यादेतले वरचे टोक धरावे आणि त्यावर दोन वर्षांची सूटही आरोपीला द्यावी, असे सांगितले. संशयाचा फायदा आरोपीला मिळालाच पाहिजे, यात वाद नाही. पण या हिशेबाने कागद नसलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचे बालपण हाडावरून सिद्ध होणे जवळपास अशक्य होते. हाडाला न येणारे काम त्याच्यावर लादायचे आणि ते जमले नाही म्हणून मुलीचे संरक्षण काढून घ्यायचे, हे न्यायाचे नाही. अशा प्रकरणात तपास अधिकाऱ्याचा वेळ रुग्णालयाच्या रांगेपेक्षा तिच्या गावच्या शाळेचे हजेरीपट, अंगणवाडीची नोंद आणि लसीकरणाचे कार्ड शोधण्यात जावा.

सीटीवर आक्षेप घेणारे डॉक्टर किरणोत्सर्गाचा मुद्दा काढतात आणि तो गंभीरपणे घ्यावा लागतो. उपचारासाठी नव्हे तर कायद्यासाठी माणसावर किरण सोडायचे, तर त्याला कारण हवे. दोन्ही टोकांच्या मर्यादित सीटीत सुमारे अर्धा मिलिसिव्हर्ट मात्रा जाते. निसर्गातून आपल्याला जगभर सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, म्हणजे हा भार साधारण अडीच महिन्यांच्या नैसर्गिक भाराइतका. मोठा नाही, पण शून्यही नाही. म्हणूनच मनगट उघडे असेल तर सीटी नाही आणि तरुणी असेल तर आधी गर्भारपणाची खात्री, हे नियम पाळायचे. एमआरआयमध्ये किरण नसतात आणि ब्रिटनमध्ये आश्रय मागणाऱ्यांच्या वयासाठी नेमलेल्या वैज्ञानिक समितीने कॉलरबोनचा एमआरआयच सुचवला. पण एमआरआयचे चित्र वेगळे असते. सीटीवर ठरवलेले किमान वय त्याला चिकटवता येत नाही. त्याचे स्वतःचे अभ्यास लागतात. शिवाय पंधरा मिनिटे न हलता पडून राहावे लागते आणि कोठडीतून आणलेल्या घाबरलेल्या मुलाचा श्वास चित्र धूसर करतो.

मुंबईत आज सगळ्यात मोठी उणीव यंत्राची नाही. पातळ काप काढणारे सीटी मोठ्या रुग्णालयांत आहेत. उणीव आहे ती अहवालाच्या नमुन्याची आणि आपल्या माणसांच्या आकड्यांची. अहवालात डाव्या-उजव्या बाजूचा टप्पा, स्लाइसची जाडी, कोणता संदर्भ-अभ्यास वापरला, चाचणीच्या दिवशीचे किमान वय आणि गुन्ह्याच्या दिवशीचे किमान वय, एवढे पाच रकाने भरायला अर्धे पान पुरते. ते भरले तर वकिलाला उलटतपासणीत विचारायला काहीतरी ठोस मिळेल आणि न्यायाधीशांना सहीच्या मागे असलेला हिशेब दिसेल.

आकड्यांचे काम त्याहून लांबचे, पण अवघड नाही. या शहरातल्या रेल्वे आणि रस्ते अपघातांत दरवर्षी पंधरा ते तीस वयाचे कितीतरी तरुण-तरुणी मोठ्या रुग्णालयांच्या अपघात विभागांत येतात आणि त्यांच्या छातीचे सीटी उपचारासाठी काढलेच जातात. कित्येकांकडे महापालिकेचा जन्मदाखला असतो, म्हणजे खरे वय दिवसापर्यंत माहीत असते. नैतिकता समितीची परवानगी आणि रुग्णाची संमती घेऊन, कच्ची माहिती एक मिलिमीटरच्या कापांत पुन्हा मांडून, नावे काढून ही चित्रे जमवली तर कोणावरही जास्तीचा एकही किरण न सोडता मुंबईच्या तरुणांचे स्वतःचे किमान वय मिळू शकेल. चाळीतले, बंगल्यातले, फुटपाथवरचे असे सगळे त्यात असतील. मग ३सी म्हणजे एकोणीस हे जर्मनीतल्या रुग्णांइतकेच कोकणातून, विदर्भातून, उत्तर प्रदेशातून मुंबईत आलेल्या मुलांनाही लागू होते की नाही, हे न्यायालयात आकड्यांनिशी सांगता येईल.